निवृत्तीआधीची तीन वर्षं

नाशिकच्या एका कारखान्यात नोकरी करणारे गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. वय ५५, मधुमेह जुना, जिना चढताना गुडघा धरतो. कंपनीचा ५ लाखांचा आरोग्यविमा आहे, शिवाय पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली ३ लाखांची स्वतःची पॉलिसी. निवृत्ती ५८व्या वर्षी, आणि नोकरीबरोबर कंपनीचा विमाही संपणार. त्यामुळे ३ लाखांचे १० लाख करायचं त्यांनी ठरवलंय, पण ‘निवृत्तीनंतर बघू’.

खरी अडचण या ‘नंतर’मध्येच आहे. जुन्या ३ लाखांचा वेटिंग पीरियड कधीच संपला, पण वाढवलेल्या ७ लाखांसाठी तो पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ३ वर्षं असतो. सांधेरोपण, मोतीबिंदू अशा ठरावीक शस्त्रक्रियांसाठी बहुधा २ वर्षं. रक्कम ५५व्या वर्षी वाढवली, तर निवृत्तीच्या दिवशी पूर्ण १० लाख हाताशी असतात. ५८व्या वर्षी वाढवली आणि ५९व्या वर्षी गुडघा बदलावा लागला, तर विमा ३ लाखांचाच. रक्कम वाढवताना कंपनी तपासण्या मागू शकते, नकारही देऊ शकते. म्हणूनही उशीर नको. मधुमेह मात्र अर्जात लिहायलाच हवा. लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो.

त्या ३ लाखांतही एक खाच असते. बऱ्याच जुन्या पॉलिसींत खोलीचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे इथे दिवसाला ३ हजार, एवढंच मान्य असतं. रुग्णालयात खोली मिळाली ६ हजारांची. पाच दिवसांचं भाडं ३० हजार, सर्जन-ऑपरेशन थिएटर वगैरे दीड लाख, कृत्रिम सांधा आणि औषधं १ लाख २० हजार. एकूण ३ लाख. खोली दुप्पट महाग, म्हणून भाडं आणि दीड लाख यांतले निम्मेच मंजूर होतात. सांधा-औषधांना ही कात्री लागत नाही. तरी ९० हजार घरचे जातात, आणि हे कळतं डिस्चार्जच्या दिवशी. रक्कम वाढवताना ही अट नसलेली योजना मागावी. कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्यावा. जुन्या रकमेपुरती भोगलेली प्रतीक्षा वाया जात नाही.

राहिला हप्ता. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवण्याआधी कंपन्यांनी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. पण दरवर्षी १० टक्के वाढ झाली, तरी ३० हजारांचा हप्ता सात वर्षांत ५८ हजारांवर जातो. पेन्शन तशी वाढत नाही. म्हणून मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि वर्षभरातला ५ लाखांवरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप, ही जोडी सहसा स्वस्त पडते. टॉप-अपलाही स्वतःचा वेटिंग पीरियड असतो, तेव्हा तोही ५५व्या वर्षीच घेतलेला बरा.