समोच्च रेषांची भाषा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावरच्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात आणि शेजारच्या दोन रेषांत साधारणपणे 20 मीटरचा फरक असतो. दर पाचवी रेषा ठळक असते. म्हणजे एका ठळक रेषेवरून पुढच्या ठळक रेषेवर गेले की 100 मीटरची चढाई झाली.

हे अंतर पट्टीने मोजावे. नकाशावरचे 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. दोन ठळक रेषा 2 सेंटीमीटर दूर असतील, तर 1 किलोमीटरमागे 100 मीटर चढ, म्हणजे आरामात चालण्याजोगा. त्याच रेषा 2 मिलिमीटरवर आल्या, तर 100 मीटर चालताना 100 मीटर चढायचे: 45 अंशांचा, दम काढणारा उतार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी तर रेषा एकमेकींना चिकटतात.

दरी ओळखताना मात्र हमखास फसगत होते, कारण डोंगराची सोंडही रेषांना तसेच टोक काढते. अशा वेळी आकडे वाचावेत. टोक चढत्या आकड्यांकडे असेल तर दरी, उतरत्या आकड्यांकडे असेल तर सोंड. दरीत बहुधा टोकांमधून ओढ्याची रेघही जाते. बारमाही पाण्याची निळी, कोरड्या ओढ्याची काळी.

एक मर्यादा आहे. 15 मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधोमध सहज लपतो.