परीक्षा रविवारी, मग रजा कशाला?

सरकारी बँकेत स्केल एकमधला अधिकारी स्केल दोनच्या परीक्षेसाठी रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेला, की बऱ्याचदा हाच प्रश्न येतो. प्रश्न चुकीचा नाही. पदोन्नतीची ऑनलाइन परीक्षा साधारणपणे सुट्टीच्या दिवशीच ठेवतात, म्हणजे पेपरपुरती रजा लागतच नाही. रजा लागते ती अभ्यासाला आणि केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर प्रवासाला. अर्ज करणाऱ्याने या दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या सांगितल्या, तर पुढचं बोलणं सोपं होतं.

अभ्यास तरी कसला, रोज तेच काम करत नाहीत का, असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं. अडचण इथेच आहे. अधिकारी रोज जे करतो तेवढंच त्याला पक्कं येत असतं आणि परीक्षा सगळ्या बँकेच्या कामावर असते. कर्ज थकीत कधी धरायचं, हा साधा प्रश्न घ्या. घरकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं, हे मुंबईतल्या अधिकाऱ्याला झोपेतही सांगता येईल. पीककर्जाला मात्र हा हिशेब लागू होत नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर अनुत्पादक धरतात आणि ज्या पिकाचा हंगाम वर्षाहून मोठा, त्याचं एकच हंगाम थकल्यावर. ग्रामीण शाखेत मार्च-एप्रिलला पीककर्जाचं नवं-जुनं करणाऱ्याला हे पाठ असतं, पण त्याने परकीय चलनाचा कागद कधी पाहिलेला नसतो. ज्याचं जे टेबल नाही, त्याची परिपत्रकं त्याला बसून वाचावी लागतात. संध्याकाळी साडेसातला शाखेचं शटर ओढल्यावर ते होत नाही.

आता एक शाखा डोळ्यांसमोर आणू. नमुना म्हणून ती अकोले तालुक्यातली धरू. मॅनेजर, एक अधिकारी मॅडम, हेड कॅशियर, एक क्लार्क आणि शिपाई, एवढीच माणसं. परीक्षा फेब्रुवारीत रविवारी ९ तारखेला, केंद्र नाशिकला. मॅडमना सलग नऊ-दहा दिवस हवे आहेत. मॅनेजरसाहेबांचा परीक्षेला विरोध नाही. त्यांचं डोकं तिजोरीपाशी अडकलेलं आहे.

बँकेची तिजोरी एका माणसाच्या हातात कधीच नसते. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आपल्या शाखेत एक किल्ली हेड कॅशियरकडे आहे, दुसरी मॅडमकडे. सोनेतारणाची पाकिटंही याच दोघांच्या ताब्यात. मॅडम नसल्या तर दुसरी किल्ली मॅनेजरकडे जाते. तोवर ठीक. पण संगणकावरही असाच दुहेरी पहारा आहे. एकाने नोंद टाकायची आणि दुसऱ्याने ती पास करायची. क्लार्कने टाकलेली ठराविक मर्यादेवरची नोंद अधिकाऱ्याशिवाय पास होत नाही. मॅडम रजेवर गेल्या की किल्ली, पासिंग, ग्राहकांच्या तक्रारी आणि क्षेत्रीय कार्यालयाचे फोन हे सगळं एकट्या मॅनेजरवर येतं. त्यात वसुलीसाठी गावात जायची वेळ आली, तर शाखेत पास करायला कुणीच उरत नाही.

म्हणून अशा शाखेत रजेचा अर्ज म्हणजे खरं तर बदली माणसाची मागणी असते. संगमनेरसारख्या मोठ्या शाखेतून त्या दिवसांपुरता कुणी डेप्युटेशनवर यायला हवा आणि ते ठरवतं क्षेत्रीय कार्यालय. तिथे पंधरा शाखांचे असेच अर्ज एका आठवड्यात येऊन पडतात, कारण परीक्षा सगळ्यांची एकाच दिवशी असते. परीक्षेचं परिपत्रक आलं त्याच आठवड्यात अर्ज करणाऱ्याला माणूस मिळतो. हॉल तिकिटाची वाट बघत बसलेल्याला मिळेलच असं नाही.

आता तारखा. सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याला वर्षाला १२ दिवस किरकोळ रजा मिळते, तिला शाखेत सगळे सीएल म्हणतात. ती एका वेळी सलग चार दिवसांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि दुसऱ्या कुठल्या रजेला जोडताही येत नाही. दुसरी हक्काची रजा, म्हणजे पीएल. कामाच्या दर ११ दिवसांमागे ती एक दिवस जमा होते. पीएलच्या मध्ये आलेला रविवार रजेतच मोजला जातो. रजेच्या आधी किंवा नंतर लागून आलेली सुट्टी मात्र मोजत नाहीत.

मॅडमनी आधी मागितली ती ३० जानेवारी, गुरुवार ते ७ फेब्रुवारी, शुक्रवार अशी पीएल. एकूण नऊ दिवस, त्यातला २ तारखेचा रविवार फुकट खर्ची पडलेला. शिवाय यात महिन्याची अखेर येते आणि नव्या महिन्याचा पहिला आठवडाही. पेन्शनर त्याच दिवसांत येतात. सकाळी दहाच्या आधीच पासबुक घेऊन पायरीवर बसलेली म्हातारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला मॅनेजरचं ‘‘मॅडम, हा आठवडा सोडून काहीही मागा’’ हे म्हणणं कळेल.

मग दोघांनी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. २० ते २४ जानेवारी, सोमवार ते शुक्रवार, हा आठवडा शाखेत त्यामानाने निवांत. २५ तारखेला चौथा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे तो आपोआप सुट्टीचा, आणि पुढे रविवार. आधीचा १९ तारखेचा रविवार धरला, तर पाच दिवस पीएल देऊन सलग आठ दिवस अभ्यासाला मिळाले. त्यानंतर मॅडम कामावर परत. महिनाअखेर आणि ३ तारखेचा पेन्शनचा सोमवार त्या शाखेत होत्या. मग ४ ते ७ फेब्रुवारी, मंगळवार ते शुक्रवार, चार सीएल. ८ तारीख दुसरा शनिवार, त्या दिवशी नाशिकला प्रवास, ९ ला पेपर. दोन रजांच्या मध्ये कामाचे दिवस आल्यामुळे त्या जोडल्या गेल्या नाहीत. नऊच दिवस खर्च झाले, पण हातात आले चौदा. डेप्युटेशनचा माणूसही मागावा लागला तो जानेवारीतल्या पाच दिवसांपुरता. फेब्रुवारीतले चार दिवस मॅनेजरनी स्वतः ओढायची तयारी दाखवली, कारण ३ तारीख त्यांना एकट्याने काढावी लागली नव्हती.

अर्जात काय लिहायचं, ते या गोष्टींवरून ठरतं. ‘माझ्या करिअरच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे’ वगैरे ओळी मंजुरी देणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. त्याला हवं असतं ते एवढं:

‘‘पदोन्नती परीक्षेच्या तयारीसाठी २० ते २४ जानेवारी पीएल आणि ४ ते ७ फेब्रुवारी सीएल मंजूर व्हावी. परीक्षा केंद्र नाशिक. ८ व ९ फेब्रुवारीला मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. तिजोरीची किल्ली व सोनेतारणाची पाकिटे रजेआधी शाखाधिकाऱ्यांकडे मोजून देईन. जानेवारीतील पाच दिवसांसाठी डेप्युटेशनवर अधिकारी मिळावा, ही विनंती.’’

मुख्यालय सोडण्याची परवानगी पुष्कळजण विसरतात. सुट्टीच्या दिवशीही बँकेच्या अधिकाऱ्याला आपलं ठिकाण सोडताना ती घ्यावी लागते. रजा मंजूर असली म्हणजे बाहेरगावी जायची मुभा आपोआप मिळाली, असं होत नाही.

किल्ली देणं हाही रजेच्या आदल्या संध्याकाळचा तासाभराचा कार्यक्रम असतो. नोटांची बंडलं मोजून रोकड जुळवायची, सोन्याच्या प्रत्येक पाकिटाचा नंबर रजिस्टरशी ताडून बघायचा, सील फुटलेलं नाही ना ते पाहायचं, मग किल्लीच्या रजिस्टरमध्ये देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख, वेळ. घाईघाईने किल्ली नुसती हातावर टेकवून एसटी गाठली आणि मधल्या काळात एखादं पाकीट कमी निघालं, तर ते कुणाच्या ताब्यात असताना गेलं, हे कोणीच सांगू शकत नाही.

याहून मोठा धोका पासवर्डचा. ‘‘आयडी चालू ठेवून जा, एखादी एन्ट्री अडली तर आम्ही पास करतो,’’ असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी मान्य करू नये. अधिकारी रजेवर असताना त्याच्या आयडीवरून नोंद पास झाली असेल, तर रजेचं रजिस्टर आणि संगणकाची नोंद शेजारी ठेवली की ऑडिटरला ते लगेच दिसतं. जबाबदारी ज्याचा आयडी त्याचीच.

रजा आणि तपासणी यांचा संबंध रिझर्व्ह बँकेने आणखी घट्ट करून ठेवला आहे. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, किमान १० कामाचे दिवस सलग, पूर्वसूचना न देता रजेवर पाठवायचं, असा तिचा आदेश आहे. त्या काळात त्याने बँकेच्या यंत्रणेला हात लावायचा नाही; कार्यालयीन ईमेल तेवढा चालतो. एकच माणूस वर्षानुवर्षं एका टेबलावर राहिला की काय होतं, ते २०१८ मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतल्या घोटाळ्यात साऱ्या देशाने पाहिलं. तो बाहेर आला, तेव्हा संबंधित अधिकारी निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी आलेल्याने नवं हमीपत्र देण्याआधी तारण मागितलं होतं. काही अधिकारी म्हणतात, ही सक्तीची रजाच अभ्यासाला घेऊ. पण ती न सांगता यायची असते. स्वतः अर्ज करून घेतलेली रजा त्यात बसत नाही आणि तिच्या भरवशावर अभ्यासाचं वेळापत्रक आखता येत नाही.

रजा नाकारली गेली तर? रजा हा हक्क नाही, कामाच्या गरजेनुसार ती नाकारता येते, असं सेवानियमच सांगतात. तेव्हा दिवस कमी करून, आठवडा बदलून पुन्हा लेखी मागावं आणि नकार आला तर तोही लेखी मागावा. एक वाट मात्र अजिबात धरू नये, ती म्हणजे आजारपणाच्या रजेची. वैद्यकीय दाखला देऊन माणूस आठ दिवस घरी राहतो आणि त्याच रजेतल्या रविवारी परीक्षा केंद्राच्या हजेरीपटावर सही करतो. एक कागद म्हणतो हा आजारी होता, दुसरा म्हणतो हा पेपर देत होता, आणि दोन्ही कागद एकाच बँकेकडे असतात. पदोन्नतीच्या यादीत नाव येण्याऐवजी खुलाशाचं पत्र येतं. मंजुरी न घेता गैरहजर राहिल्यासही तेच.

लेखी परीक्षेत निवड झाली की पुढे मुलाखतीचं बोलावणं येतं, तेही कामाच्या दिवशी येऊ शकतं. तो दिवस ड्युटीवर धरायचा की रजेत, प्रवासभत्ता मिळणार की नाही, हे प्रत्येक बँकेत वेगळं असतं आणि त्या वर्षीच्या परिपत्रकात किंवा बोलावण्याच्या पत्रातच लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं आणि मगच सीएल टाकावी. चार दिवस परीक्षेत गेल्यावर बाराचे आठच उरलेले असतात आणि वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं.