118 गुणांची तन्वी पुढे, 131 गुणांचा ओंकार मागे

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एक गोंधळ ठरलेला असतो. मुलगी मोबाइलवर 95 हा आकडा दाखवते, आजी शेजारी सांगून येते, "नातीला पंच्याण्णव टक्के पडले." टक्के पडलेले नसतात. त्या मुलीला 200 पैकी 118 गुण, म्हणजे जेमतेम 59 टक्के पडलेले असू शकतात, आणि तरीही 95 हा आकडा तंतोतंत खरा असतो. तो पर्सेंटाइल असतो.

टक्केवारी पेपराकडे बघते: विचारलेल्यातलं किती आलं? पर्सेंटाइल माणसांकडे बघतो: बरोबर बसलेल्यांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुणांचे आहेत? महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी आणि देशपातळीवरची जेईई मेन या दोन्ही परीक्षा अनेक सत्रांत होतात आणि दोन्हींत हाच हिशेब चालतो. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण असलेल्यांची संख्या घ्यायची, सत्रातल्या एकूण हजर विद्यार्थ्यांनी भागायची आणि 100 ने गुणायचं. उत्तर दशांशानंतर सात अंकांपर्यंत जातं, म्हणजे एकाच जागी येणाऱ्यांची गर्दी कमी होते.

एक उदाहरण घेऊ. तन्वीची परीक्षा सकाळच्या सत्रात झाली. गणिताचा पेपर जड गेला, तिला 118 मिळाले. त्या सत्रात 24,000 मुलं होती आणि त्यातल्या 22,800 जणांना 118 किंवा कमी गुण होते. तिचा पर्सेंटाइल झाला 95. तिचा मामेभाऊ ओंकार दुसऱ्या दिवशी बसला. त्याचा पेपर सोपा होता, त्याला 131 मिळाले. पण त्या सत्रात 25,000 मुलं होती आणि 131 किंवा कमी गुणांचे 23,500. त्याचा पर्सेंटाइल 94. तेरा गुण जास्त मिळवूनही ओंकार मागे राहिला.

दोन घरांत यावरून वाद होणं स्वाभाविक आहे. "माझा मुलगा जास्त हुशार, तरी मागे कसा?" या प्रश्नाचं उत्तर 131 मध्ये नाही. ओंकारच्या सत्रात त्याच्यापुढे 1,500 जण होते, तन्वीच्या सत्रात तिच्यापुढे 1,200. गट मोठा आहे आणि मुलं सत्रांत सरमिसळ करून वाटली आहेत, त्यामुळे दोन्ही सत्रांत हुशार आणि साधारण मुलांचं प्रमाण सारखंच असेल, असं धरून हा हिशेब मांडलेला असतो. मग सत्रात जो अमुक क्रमांकावर आहे, तो दुसऱ्या सत्रातल्या तितक्याच क्रमांकाच्या बरोबरीचा. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. इथे कोणाच्या गुणांत काही मिळवलं किंवा वजा केलं जात नाही. पेपर अवघड असल्याचा फटका सत्रातल्या सगळ्यांनाच बसतो, म्हणून क्रमांकावर त्याचा परिणाम होत नाही.

या रीतीतून एक गंमत निघते. प्रत्येक सत्रात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याच्या खाली किंवा बरोबरीने सगळेच असतात, म्हणून त्याचा पर्सेंटाइल नेमका 100. जितकी सत्रं, तितके तरी शंभरवाले. 2024 च्या जेईई मेनमध्ये 56 जणांना 100 पर्सेंटाइल मिळाला होता. या शंभरवाल्यांचे गुण एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

आणखी एक चूक घरोघरी होते. भौतिक, रसायन, गणित यांचे पर्सेंटाइल बेरीज करून तीनने भागले जातात. एकूण पर्सेंटाइल तसा निघत नाही. तो एकूण कच्च्या गुणांवरून वेगळा काढला जातो. तिन्ही विषयांत बेताबेताने चांगला असलेला विद्यार्थी एकुणात तिन्हींपेक्षा वर जाऊ शकतो, कारण एकेका विषयात त्याच्या पुढे असणारे दुसऱ्या विषयात मागे पडतात.

आता खरा प्रश्न: प्रवेशाच्या रांगेत तन्वी नेमकी कुठे? पीसीएम गटात समजा 3 लाख विद्यार्थी बसले, तर 95 पर्सेंटाइलवाल्यापुढे त्याचे 5 टक्के, म्हणजे साधारण 15,000 जण. ओंकारपुढे 18,000. एका पर्सेंटाइलमध्ये 3,000 माणसं. कॅप प्रवेशात प्रत्यक्ष गुणवत्ता क्रमांक यापेक्षा बराच वर येऊ शकतो, कारण सगळेच नोंदणी करत नाहीत आणि बारावीच्या किमान गुणांची अटही असते.

पद्धत न्याय्य असली तरी सत्रागणिक थोडा नशिबाचा भाग राहतोच. सरमिसळ कितीही चांगली केली तरी 25,000 मुलांचं एखादं सत्र योगायोगाने जरा तगडं निघतं. संख्याशास्त्राच्या कच्च्या हिशेबाने 95 पर्सेंटाइलच्या आसपास हा फरक दीड दशांश, म्हणजे 0.14 च्या घरात येतो. ऐकायला किरकोळ, पण 3 लाखांच्या रांगेत तो सुमारे 400 क्रमांकांचा असतो. म्हणून दोन मुलांमध्ये दहाव्या-विसाव्या हिश्शाचा फरक असेल, तर कोण अधिक हुशार, हे त्यावरून ठरवू नये. प्रवेशयंत्रणेला मात्र कुणाला तरी आधी घ्यावंच लागतं. सत्र लहान असलं, तर हा फरक आणखी वाढतो.

सगळीकडे पर्सेंटाइलचीच रीत आहे असं नाही. नोकरभरतीत अनेकदा गुणच दुरुस्त केले जातात. सत्राची सरासरी, गुणांचा पसारा आणि सर्वांत वरच्या मुलांचे गुण बघून अवघड सत्रातल्या उमेदवारांना गुण वाढवून दिले जातात. 2023 मध्ये झालेली तलाठी भरती 57 सत्रांत पार पडली. निकालात एका उमेदवाराला 200 पैकी 214 गुण दिसले आणि गदारोळ झाला. घोटाळा झाला की नाही, हा वेगळा वाद. पण 200 च्या वर जाणं या सूत्राला अशक्य नाही. समजा, अवघड सत्रात कुणी 196 मिळवले आणि सूत्राने 18 गुण भर घातली, तर ते 214 होतात. 200 वर थांबायला सांगणारं कलम नसेल, तर गणित थांबत नाही. क्रमांक वर जातो की नाही, हे त्या 214 वर नव्हे, तर इतर सत्रांच्या दुरुस्तीवर अवलंबून असतं.

ग्रेड पॉइंटची गोष्ट याच्या उलट. पर्सेंटाइल एकेका दशांशाने माणसं वेगळी करतो, तर ग्रेड पॉइंट त्यांना मुद्दाम एकत्र बसवतो. सीबीएसईच्या दहावीत सीजीपीए होता, तेव्हा 91 आणि 100 दोघांनाही 10 मिळायचे. टक्केवारीसाठी मंडळाने 9.5 चा गुणक दिला होता, म्हणून 10 चे 95 टक्के. अभियांत्रिकीत मात्र एआयसीटीईच्या तक्त्यात 7.75 म्हणजे 70 टक्के. तोच 7.75 सीबीएसईच्या गुणकाने 73.6 होतो. म्हणजे ग्रेडवरून टक्के काढण्याचं एकच सूत्र नाही. ज्या संस्थेने ग्रेड दिला, तिचाच नियम लावायचा, आणि तो गुणपत्रिकेच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात असतो.

कॉलेजांचे मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघताना पालकांनी एक करावं. कॅपच्या यादीत गुणवत्ता क्रमांकाखाली कंसात पर्सेंटाइल छापलेला असतो. त्याच्याशी पाल्याचा पर्सेंटाइल ताडावा, कच्चे गुण नव्हे. मागच्या वर्षीचे 131 आणि यंदाचे 118 यांची तुलना होऊ शकत नाही, हे तन्वी आणि ओंकारच्या निकालावरून दिसतंच.