बाटली एकच, रक्तातला आकडा दुप्पट

नवलाख उंबरेच्या एमआयडीसीत काम करणारे दोन सहकारी शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यात जेवायला बसले आहेत, असं समजा. त्याचं वजन ८० किलो, तिचं ५०. दोघांनी ६५० मिलीची एकेक स्ट्राँग बिअर घेतली. बाटलीवर ८ टक्के लिहिलेलं असेल, तर त्यात ५२ मिली, म्हणजे साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं.

हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जवळजवळ शिरतच नाही. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असतं, चरबीत फार थोडं. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकात यावरून हिशेब मांडला: वजनाला पुरुषासाठी सुमारे ०.६८ आणि स्त्रीसाठी ०.५५ने गुणायचं आणि अल्कोहोलच्या ग्रॅमना त्या उत्तराने भागून शंभराने गुणायचं. त्याच्या १०० मिली रक्तात साधारण ७५ मिलिग्रॅम येतात, तिच्या रक्तात १५०. तेवढंच मीठ निम्म्या पाण्यात टाकल्यावर पाणी दुप्पट खारट व्हावं, तसं हे आहे. हे आकडे सरासरीचे. स्थूल पुरुषाचा गुणक ०.६८हून कमी भरतो, म्हणून एकाच वजनाच्या दोन पुरुषांतही फरक पडतो.

पोटाचा भाग वेगळा. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातं. पोटात भाकरी-भाजी असेल तर जठर ते हळूहळू खाली सोडतं, त्यामुळे आकडा उशिरा आणि कमी उंचीवर पोचतो. उपाशीपोटी तो झपाट्याने चढतो. पिऊन झाल्यावर जेवलं, तर मात्र रक्तात गेलेलं अल्कोहोल परत येत नाही.

आकडा उतरवण्याचं काम यकृताचं, आणि त्याला घाई करता येत नाही. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, कुणाचे १० तर कुणाचे २०. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, वजन किंवा लिंग न पाहता. रात्री आठला प्यायला सुरुवात केली, तर या हिशेबाने तो अकराच्या सुमारास मर्यादेवर येतो, ती पहाटे चारला. कॉफी, लिंबू सरबत, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण आकडा हलत नाही. हा हिशेब फरक समजून घेण्यासाठी आहे. गाडी कधी काढायची हे त्यावरून ठरवू नये, कारण प्रत्येकाचा वेग वेगळा आणि तो बाहेरून कळत नाही.

मला सर्वांत धोक्याचं वाटतं ते ‘मला चढत नाही’ हे वाक्य. रोज पिणाऱ्याचा मेंदू नशेला सरावतो, म्हणून पाय लटपटत नाहीत, बोलणं अडखळत नाही. त्याचं यकृत थोडं जलदही काम करतं, पण सरावाच्या मानाने हा फायदा लहान. रक्तातला आकडा ९० असतानाही तो स्वतःला धडधाकट समजून चावी उचलतो. अचानक समोर आलेल्या दुचाकीला बघून ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ मात्र तेव्हाही वाढलेला असतो.