बेंझोइक आम्लाची तीव्रता ठरवणारे गट

बेंझोइक आम्ल हा पांढरा, स्फटिकरूप पदार्थ आहे. सरबते आणि लोणची टिकवण्यासाठी वापरले जाणारे सोडियम बेंझोएट हे त्याचेच क्षार. या आम्लाच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे बेंझीन वलय असते आणि त्यातील एका कार्बनला कार्बोक्सिल गट, म्हणजे COOH, जोडलेला असतो. पाण्यात विरघळल्यावर या गटातील हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने सुटतो आणि मागे ऋणभारित बेंझोएट आयन उरतो. प्रोटॉन जितक्या सहजपणे सुटेल तितके आम्ल तीव्र. वलयातील उरलेल्या पाच कार्बनांपैकी एखाद्यावर हायड्रोजनऐवजी दुसरा गट बसवला की ही सहजता बदलते. बदल किती होईल आणि कोणत्या दिशेने होईल, हे दोन गोष्टींवर ठरते: गट कोणता आहे आणि तो वलयावर कोठे बसला आहे.

आम्लाची तीव्रता pKa या अंकाने सांगतात. हा अंक जितका लहान, तितके आम्ल तीव्र. मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे एका एककाचा फरक म्हणजे प्रोटॉन सुटण्याच्या समतोल स्थिरांकात दहा पटींचा फरक. 25 अंश सेल्सिअसला पाण्यात बेंझोइक आम्लाचा pKa 4.20 असतो. पुढची सारी तुलना या अंकाशी आहे.

जागांची नावे आधी पाहू. कार्बोक्सिल गट ज्या कार्बनवर आहे त्याला पहिला क्रमांक दिला, तर त्याला लागून असलेल्या दुसऱ्या आणि सहाव्या जागा ऑर्थो, त्यापलीकडच्या तिसऱ्या आणि पाचव्या जागा मेटा आणि अगदी समोरची चौथी जागा पॅरा.

नायट्रो गट, म्हणजे NO₂, इलेक्ट्रॉन जोरात खेचून घेतो. तो पॅरा जागी बसला की pKa 3.44 पर्यंत उतरतो, म्हणजे आम्ल जवळजवळ सहा पट तीव्र होते. प्रोटॉन सुटल्यावर कार्बोक्सिल गटावर ऋणभार राहतो. वलयातून इलेक्ट्रॉन खेचले गेल्याने शेजारचा वलय-कार्बन काहीसा धनभारित झालेला असतो, त्यामुळे हा ऋणभार अधिक स्थिर होतो. आयन जितका स्थिर, तितका प्रोटॉन सोडणे सोपे.

येथे एक चूक वारंवार होते. बेंझोएट आयनावरचा ऋणभार वलयात पसरतो आणि पुढे नायट्रो गटापर्यंत पोहोचतो, असे विद्यार्थी अनेकदा लिहितात. तसे होत नाही. तो ऋणभार कार्बोक्सिल गटाच्या दोन ऑक्सिजन अणूंमध्येच वाटलेला राहतो, वलयात शिरत नाही. नायट्रो गट फक्त वलय इलेक्ट्रॉनांनी दुबळे करतो आणि त्याचा विद्युत परिणाम दुरून कार्बोक्सिलवर होतो. म्हणूनच मेटा जागी, जेथून संस्पंदनाचा थेट मार्ग नाही, तेथूनही तो जवळजवळ तेवढाच प्रभावी ठरतो. मेटा-नायट्रोबेंझोइक आम्लाचा pKa 3.49 आहे.

इलेक्ट्रॉन देणारे गट उलट काम करतात, पण त्यांतले काही एकाच वेळी दोन कामे करतात. मिथॉक्सी गट, म्हणजे OCH₃, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्यातील ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनांची ओढ फार असते, त्यामुळे तो एकेरी बंधातून वलयाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो. हा प्रेरण परिणाम. त्याच ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि ती तो संस्पंदनातून वलयाला देतो. यातले देणे मुख्यतः ऑर्थो आणि पॅरा जागांवर पोहोचते, मेटावर नाही.

याचा परिणाम अंकांत स्पष्ट दिसतो. पॅरा-मिथॉक्सीबेंझोइक आम्लाचा pKa 4.47 आहे. येथे देण्याची बाजू वरचढ ठरते. मिथॉक्सीचे इलेक्ट्रॉन वलय ओलांडून थेट कार्बोक्सिल गटाच्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधापर्यंत पोहोचतात आणि प्रोटॉन न सुटलेला रेणूच अधिक स्थिर होतो. मग प्रोटॉन सोडायला तो नाखूश असतो. मेटा-मिथॉक्सीबेंझोइक आम्लाचा pKa मात्र 4.09, म्हणजे साध्या बेंझोइक आम्लापेक्षाही कमी. मेटा जागेवरून देण्याचा मार्ग कार्बोक्सिलकडे जात नाही आणि खेचणे तेवढे शिल्लक राहते. म्हणजे मिथॉक्सी हा ‘देणारा’ गट, हे विधान जागा सांगितल्याशिवाय अपुरे आहे. क्लोरीनचेही गणित असेच, फक्त त्याचे खेचणे दोन्ही जागी जिंकते: मेटा 3.83, पॅरा 3.98. पॅरा जागी त्याचे थोडेसे देणे खेचण्याला काहीसे कापते.

हे फरक प्रत्यक्ष द्रावणात किती दिसतात? लिटरमागे एक सहस्रांश मोल इतके पातळ द्रावण घेतले, तर वरील अंकांवरून हिशेब करता येतो. बेंझोइक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी सुमारे 22 रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो. पॅरा-मिथॉक्सी आम्लाचे सुमारे 17, तर पॅरा-नायट्रो आम्लाचे सुमारे 45.

कोलंबिया विद्यापीठातील लुई हॅमेट यांनी 1937 मध्ये या अंकांतून एक साधे आणि अतिशय उपयोगी माप तयार केले. बेंझोइक आम्लाच्या pKa मधून गट बसवलेल्या आम्लाचा pKa वजा करायचा. जो अंक येईल तो त्या जागेवरच्या त्या गटाचा सिग्मा. मेटा-नायट्रोसाठी तो 4.20 वजा 3.49, म्हणजे 0.71. पॅरा-मिथॉक्सीसाठी उणे 0.27. धन सिग्मा म्हणजे खेचणारा गट, ऋण सिग्मा म्हणजे देणारा.

या मापाची कसोटी भाकितात लागते. दोन्ही मेटा जागांवर नायट्रो गट असलेले 3,5-डायनायट्रोबेंझोइक आम्ल घेऊ. प्रत्येक गटाचे 0.71 धरून बेरीज 1.42 होते. 4.20 मधून ती वजा केली की 2.78 उरतात. प्रयोगात मोजलेला pKa 2.82 आहे. इतक्या साध्या बेरजेतून इतके जवळचे उत्तर मिळते, कारण मेटा आणि पॅरा गट कार्बोक्सिलपासून दूर आहेत. त्यांचा परिणाम वलयातून आणि विद्युत क्षेत्रातूनच येतो, प्रत्यक्ष स्पर्शातून नाही.

ऑर्थो जागेवर हा हिशेब मोडतो, आणि हॅमेट यांनी ती जागा आपल्या मापातून मुद्दाम वगळली. मिथाइल गट हा सौम्य इलेक्ट्रॉन देणारा. पॅरा जागी तो pKa 4.37 वर नेतो, मेटा जागी 4.27 वर. ऑर्थो जागीही आम्ल सौम्य व्हायला हवे. प्रत्यक्षात pKa 3.91 पर्यंत खाली येतो. इलेक्ट्रॉन देणारा गट आम्ल तीव्र करतो, हा विरोधाभास केवळ देण्या-घेण्याच्या भाषेत सुटत नाही.

कारण जागेच्या अडचणीत आहे. साध्या बेंझोइक आम्लात कार्बोक्सिल गट वलयाच्या प्रतलातच सपाट पडलेला असतो. त्यामुळे वलयाचे इलेक्ट्रॉन त्याच्याशी संस्पंदनाने जुळतात आणि प्रोटॉन न सुटलेल्या रेणूला आधार देतात. शेजारी मिथाइल आला की सपाट राहायला जागा पुरत नाही आणि कार्बोक्सिल गट प्रतलातून वळतो. वलयाचा आधार तुटतो, रेणू कमी स्थिर होतो आणि प्रोटॉन सुटणे सोपे जाते. शेजारचा गट मोठा केला, तर परिणामही वाढतो. ऑर्थो जागी अवजड टर्शरी-ब्यूटाइल गट असेल, तर pKa सुमारे 3.5 वर येतो. हाच गट पॅरा जागी असताना तो 4.40 असतो. खेचणारा गट शेजारी असेल, तर दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात. ऑर्थो-नायट्रोबेंझोइक आम्लाचा pKa 2.17 आहे, म्हणजे ते बेंझोइक आम्लापेक्षा शंभर पटींहून अधिक तीव्र.

ऑर्थो परिणामाचे दुसरे कारण हायड्रोजन बंध हे आहे, आणि ते सॅलिसिलिक आम्लात सर्वांत ठळक दिसते. गजकर्णावरच्या व्हिटफिल्ड मलमात बेंझोइक आणि सॅलिसिलिक ही दोन्ही आम्ले असतात. सॅलिसिलिक आम्ल म्हणजे ऑर्थो जागी OH गट असलेले बेंझोइक आम्ल. त्याचा pKa 2.97 आहे. हाच OH गट पॅरा जागी नेला, तर 4.58. वरच्याच पातळ द्रावणात पॅरा आम्लाच्या शंभरातील सुमारे 15 रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असेल, तर सॅलिसिलिक आम्लाच्या सुमारे 63 रेणूंनी.

कार्बोक्सिलचा प्रोटॉन सुटला की शेजारच्या OH गटाचा हायड्रोजन ऋणभारित ऑक्सिजनशी बंध जुळवतो आणि सहा अणूंचे वलय तयार होते. आयन त्यामुळे घट्ट सावरला जातो. हे स्पष्टीकरण दोन पुराव्यांनी तपासता येते. पहिला असा: OH मधील हायड्रोजन काढून तेथे मिथाइल लावला, तर ऑक्सिजन जागेवर राहतो, पण बंधासाठी हायड्रोजन उरत नाही. त्या ऑर्थो-मिथॉक्सीबेंझोइक आम्लाचा pKa 4.09 आहे. तीव्रता जवळजवळ सगळी निघून गेली. दुसरा पुरावा OH गटाच्या स्वतःच्या प्रोटॉनचा. पॅरा आम्लात तो 9.3 च्या आसपासच्या pKa ला सुटतो. सॅलिसिलिक आम्लात मात्र तो 13 च्याही वर जातो, कारण हायड्रोजन बंधात तोच प्रोटॉन अडकलेला असतो. पहिला प्रोटॉन ज्या बंधामुळे सहज सुटतो, त्याच बंधामुळे दुसरा सुटता सुटत नाही.

या आम्लांची तीव्रता प्रयोगशाळेत मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. अर्धे आम्ल अल्कलीने उदासीन केले, की त्या क्षणीचा pH म्हणजेच pKa, ही नेहमीची युक्ती 4 च्या पुढच्या आम्लांना बऱ्यापैकी लागू पडते. सॅलिसिलिक किंवा ऑर्थो-नायट्रो आम्लाच्या पातळ द्रावणात बरेच रेणू आपणहूनच प्रोटॉन सोडतात, त्यामुळे वाचलेला pH खऱ्या pKa पेक्षा जास्त येतो आणि दुरुस्ती केल्याशिवाय आम्ल आहे त्यापेक्षा सौम्य भासते. दुसरी अडचण विद्राव्यतेची. ही आम्ले पाण्यात कमी विरघळतात म्हणून अल्कोहोल मिसळले जाते आणि मग सर्वच pKa वर सरकतात. पाण्यातला एक अंक आणि अल्कोहोलमिश्रित पाण्यातला दुसरा अंक शेजारी मांडला, तर निष्कर्ष चुकतो.

मेटा आणि पॅरा जागांसाठी गटाचा सिग्मा ठाऊक असला की आम्लाची तीव्रता कागदावर काढता येते. ऑर्थो जागेसाठी गटाचा आकार किती आणि तो हायड्रोजन बंध जुळवू शकतो का, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. अंतिम अंक मात्र मोजूनच घ्यावा लागतो.