खल कलंडतो तेव्हा

खांद्यावर 60 किलोचा बार घेऊन स्क्वॉट मारणाऱ्या एखाद्या तरुणाकडे बाजूने पाहावं. मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत त्याची कंबर स्थिर असते, पाठीच्या खालची नैसर्गिक खळगी जागच्या जागी. आणखी दोन-तीन इंच खाली गेला की मात्र माकडहाड आत वळतं, खळगी पुसली जाते आणि कंबर गोल होते. वर येताना सगळं पुन्हा पूर्ववत. जिममध्ये याला ‘बट विंक’ म्हणतात आणि त्यावर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : मांडीमागचे स्नायू आखडलेत, ते ताण.

या सल्ल्यात एक गफलत आहे. मांडीमागचे हे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. खाली बसताना खुबा वाकतो, तेव्हा ते वरच्या टोकाला ताणले जातात. पण त्याच वेळी गुडघाही वाकत असल्याने खालच्या टोकाला सैल पडतात. एकूण लांबी फारशी बदलतच नाही. गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरताना जी ओढ जाणवते, ती स्क्वॉटच्या तळाशी जाणवत नाही, ती यामुळेच.

खरं कारण अनेकदा हाडात असतं. खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, त्याखाली आखूड मान, आणि हा चेंडू पेल्व्हिसच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, उखळीत बसलेला. मांडी पोटाकडे येऊ लागली की ही मान उखळीच्या पुढच्या काठाकडे सरकते. खलात उभा असलेला बत्ता आडवा करत नेला तर तो काठाला टेकतो. तरीही दाबत राहिलं तर खलच कलंडतो. इथे कलंडतं ते पेल्व्हिस, मागच्या बाजूला. कमरेचे मणके त्याच्यावरच उभे असल्याने तेही सोबत वाकतात.

प्रत्येकाची उखळ सारखी नसते. कुणाची खोल, कुणाची उथळ. कुणाची जास्त पुढे तोंड केलेली, कुणाची बाजूला. मांडीच्या हाडाची मानही प्रौढांमध्ये सरासरी सुमारे 15 अंश पुढे वळलेली असते, पण हा कोन माणसागणिक बराच बदलतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कंबरदुखीवर अनेक वर्षं संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल हाच मुद्दा मांडत आले आहेत : उथळ उखळ असलेला माणूस सहज तळ गाठतो, खोल उखळीच्या माणसाला कितीही स्ट्रेचिंग केलं तरी ती खोली मिळत नाही. हाड ताणून लांबत नाही, हे शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्यायलाच हवं. नाहीतर विद्यार्थी महिनोन् महिने चुकीच्या जागी घाम गाळत राहतो.

मग आपलं कारण हाडाचं की घोट्याचं, हे कसं ओळखायचं? त्या तरुणाला बारशिवाय हात आणि गुडघ्यांवर, रांगणाऱ्या बाळासारखं उभं करावं. कंबर स्थिर ठेवून त्याने नितंब सावकाश टाचांकडे न्यावेत आणि कुणीतरी बाजूने मोबाइलवर चित्रण करावं. या स्थितीत घोट्याला पुढे वाकावं लागत नाही, अंगावर वजनही नसतं. तरीही मांडी आणि धड यांच्यात स्क्वॉटमध्ये होता तेवढाच कोन उरला असताना कंबर गोल झाली, तर संशय खुब्यावर. इथे तो बराच मागे जाऊ शकला, तर अडचण घोट्यात किंवा तोल सांभाळण्यात असावी. त्याची खात्री करायला टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवून स्क्वॉट करून पाहावा.

समजा, त्याची कंबर रांगतानाही लवकरच गोल झाली. आता गुडघे एकमेकांपासून लांब नेऊन तीच हालचाल पुन्हा करायची. पुष्कळांना इथे एकदम जागा मिळते, कारण मांडी तिरकी गेल्याने हाडाची मान काठाच्या टोचणाऱ्या भागाला चुकवते. असं झालं तर स्क्वॉटमध्येही पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवावेत, चवडे सुमारे 30 अंश बाहेर वळवावेत आणि गुडघे चवड्यांच्याच दिशेने न्यावेत. एवढं करून जिथे कंबर वळू लागते, त्याच्या इंचभर वर थांबायचं. पॉवरलिफ्टिंगच्या नियमातही खुब्याची घडी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेली की पुरे होतं. नितंब टाचांना टेकवावे लागत नाहीत.

कंबर जरा वळली म्हणून घाबरायचं कारण नाही. उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईची कंबर पूर्ण गोल असते, आणि तिच्या मणक्यांवर बार नसतो. प्रश्न येतो तो वजन आणि आवर्तनं एकत्र आल्यावर. मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेत डुकरांच्या मणक्यांवर दाब ठेवून ते हजारो वेळा वाकवले, तेव्हा मणक्यांमधल्या गाद्या मागच्या बाजूने फुटू लागल्या. मृत मणका स्वतःची दुरुस्ती करत नाही, जिवंत मणका काही प्रमाणात करतो. म्हणून हा निकाल जिममधल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण 60 किलोचे 100 होत असतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बूट घालताना कंबर धरत असेल, तर खोली कमी करायची वेळ आलेली असते. कळ पायात उतरत असेल किंवा खुब्याच्या पुढे, जांघेत, टोचत असेल, तर बार ठेवून आधी डॉक्टर गाठावा.