जुन्या आकड्याचा धोका

टेकडीवर पाण्याची टाकी, खाली पंपघर. दोन्हीकडे ॲलन-ब्रॅडलीचा एकेक मायक्रोलॉजिक्स पीएलसी. खालचा पीएलसी `MSG` ही सूचना वापरून वरच्याकडून टाकीची पातळी मागवतो आणि त्यावरून पंप चालू-बंद करतो.

मागणी सुरू होताच `EN` हा बिट चढतो. समोरच्याने निरोप पोचल्याची पावती दिली की `ST`. ही नुसती पावती. उत्तर यायचे असते. ते नीट आले तर `DN`, बिघडले तर `ER`. ठरलेल्या मुदतीत, समजा ५ सेकंदांत, उत्तर आले नाही तर त्रुटीचा कोड `37h` दिसतो. अशा वेळी आधी तार किंवा रेडिओ तपासावा. `10h` दिसला तर समोरचा ऐकतो आहे, पण मागणीच चुकली आहे; बहुधा मागितलेला पत्ता त्याच्याकडे नाही.

खरा धोका पुढेच आहे. निरोप फसला तरी पातळीचा शेवटचा आकडा जागेवर तसाच राहतो. ६० टक्के दिसत राहतात, पंप चालू राहतो, टाकी वाहू लागते. नवी मागणी फक्त `DN` आल्यावर सुटेल असे लिहिले असेल, तर पहिल्या त्रुटीनंतर ती कायमचीच थांबते. `ER` नंतरही ती सुटली पाहिजे.

`DN` आला तरी वरचा प्रोग्राम थांबलेला असू शकतो. म्हणून वरच्या पीएलसीने दर सेकंदाला एक आकडा वाढवावा, खालच्याने तो पातळीसोबत वाचावा. १५ सेकंद तो बदलला नाही, तर पंप बंद आणि भोंगा चालू.